डिझायनरकडून लोगोच्या सगळ्या फाइल्स मागवायचा ईमेल: माझा अनुभव

आमचा कोल्हापुरात घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. लोगो एका फ्रीलान्स डिझायनर मॅडमकडून करून घेतला. वर जातं, जात्याच्या दोन्ही बाजूंना लाल मिरच्या, खाली मरून रंगात नाव आणि नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ. मिरच्यांना लाल ते केशरी असं शेडिंग आहे. डिझाइन फायनल झालं तेव्हा मॅडमनी एक जेपीजी पाठवली होती, बघून होकार द्यायला ती पुरेशी होती. पुढे लेबल छापायचं ठरलं, खोक्यांवर छपाई, वेबसाइट आणि कामावरच्या बायकांच्या ॲप्रनवर नि टोपीवर एम्ब्रॉयडरी, तर प्रत्येक जण वेगळीच फाइल मागायला लागला.

मी लगेच मेल लिहायला बसले नाही. "लोगो सगळ्या फॉरमॅटमध्ये पाठवा" एवढंच लिहिलं तर काय होतं, की एकच चित्र एआय, ईपीएस, पीडीएफ, पीएनजी अशा पाच-सहा नावांनी येतं. फॉरमॅट पाच पण चित्र तेच. आपल्याला लागतं उलटं, म्हणजे काही ठिकाणी चित्रच बदलायला हवं असतं आणि ते डिझायनरला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं? म्हणून आधी जे जे लोक लोगो वापरणार त्यांना फोन लावले आणि प्रत्येकाला तेच विचारलं: कुठे लावणार, किती मोठा, खालचा रंग कोणता आणि तुमच्याकडे किती रंग चालतात.

लेबलवाले म्हणाले, "ताई, पीडीएफ चालेल, पण कर्व्ह करून द्यायला सांगा, आणि सीएमवायके." कर्व्ह म्हणजे अक्षरं ही अक्षरं न राहता त्यांच्या आकाराच्या रेषा करायच्या. मराठीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण डिझायनरने वापरलेला फॉन्ट प्रेसच्या कॉम्प्युटरवर नसला तर तिथे दुसराच फॉन्ट बसतो, जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. आमच्या नावात रफारही आहे आणि अनुस्वारही. सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंत मांडलेले रंग. स्क्रीनवर जो झगझगीत केशरी दिसतो तो चार शाईंतून तसा निघतच नाही, थोडा मंद होतो. तो किती मंद करायचा हे डिझायनरने डोळ्यांनी बघून ठरवलेलं बरं, प्रेसच्या मशीनवर आपोआप ठरायला नको.

खोकेवाल्यांकडे एकच रंग, काळा. इथे मला नीट विचारून घ्यावं लागलं, कारण एकरंगी म्हणजे रंगीत लोगो ग्रे करून दिला की झालं असं वाटतं, पण ग्रे म्हणजे छपाईत बारीक ठिपके, आणि खोक्याच्या खरखरीत कागदावर ते ठिपके पसरून डाग दिसतो. म्हणजे मिरचीचं शेडिंग काढून ती पूर्ण काळी भरायची आणि मिरच्या जात्यात मिसळून जाऊ नयेत म्हणून मध्ये पांढरी फट सोडायची. हे नवं चित्र झालं.

वेबसाइट करणारा मुलगा म्हणाला एसव्हीजी द्या, आणि मोबाइलवर वरच्या पट्टीत लोगोला जेमतेम ४० पिक्सेल उंची मिळते तर खालची ओळ वाचता येणार नाही, ती काढलेली एक द्या. ब्राउझरच्या टॅबवर तर ३२ पिक्सेलचा चौकोन, तिथे फक्त जातं.

सगळ्यात जास्त वेळ एम्ब्रॉयडरीवाल्या दादांशी बोलण्यात गेला आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मी त्यांना जेपीजी व्हॉट्सॲप केली आणि सांगितलं, ॲप्रनवर छातीशी ८० मिलिमीटर रुंद पाहिजे. ते म्हणाले नाव येईल, खालची ओळ विसरा. मी म्हटलं का, तर त्यांनी पट्टी लावून बघायला सांगितलं. ८० मिलिमीटरला लोगो प्रिंट काढून मोजला तर खालच्या ओळीतल्या अक्षराची उंची साधारण साडेतीन मिलिमीटर भरली आणि त्यातला अनुस्वार अर्धा मिलिमीटर. आता एम्ब्रॉयडरीचा नेहमीचा धागाच साधारण ०.४ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे तो अनुस्वार काढायला सुईला जागाच नाही, एका टाक्याची गाठ होणार, आणि "ध"ची, "भ"ची आतली पोकळी भरून जाणार. त्यांच्या मते मराठी अक्षर निदान ६-७ मिलिमीटर हवं, कारण इंग्रजीसारखं नुसतं अक्षर नसतं, शिरोरेघेच्या वर मात्रा, खाली उकार, सगळं त्यातच बसवायचं असतं. रेषा १ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. शेडिंग नको, सपाट रंग द्या, तीन पुरे.

आणि त्यांनीच सांगितलं की मशीनला लागते ती डीएसटी फाइल, ती डिझायनर देत नाही. डीएसटीमध्ये चित्र नसतंच, सुईने कुठून कुठे जायचं, कुठे धागा तोडायचा, कुठे रंग बदलायला थांबायचं, अशा सूचना असतात. ती कापड आणि साइज बघून डिजिटायझर बनवतो. त्यामुळे डिझायनरकडून डीएसटी मागण्यात अर्थ नाही, तिच्याकडून मागायचं ते एम्ब्रॉयडरीसाठी सोपं केलेलं चित्र.

एवढं हातात आल्यावर मेल सरळ लिहिता आला. त्यात व्हेक्टर म्हटलंय ती ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली फाइल, कितीही मोठी केली तरी कड फाटत नाही. इथे जवळपास तसाच देते, कुणाला उपयोगी पडला तर:

> विषय: लोगोच्या छपाई, वेब आणि एम्ब्रॉयडरीसाठी फाइल्स
>
> नमस्कार मॅडम,
>
> फायनल केलेला लोगो आता प्रत्यक्ष वापरायचा आहे. कुठे वापरणार ते खाली लिहिते, त्याप्रमाणे फाइल्स हव्या आहेत.
>
> लेबल: पांढरा कागद, लोगो ५० मिमी रुंद, चार रंग. व्हेक्टर पीडीएफ, सीएमवायके, सगळी अक्षरं कर्व्ह केलेली.
>
> खोकी: एकच रंग, शुद्ध काळा, ग्रे किंवा शेडिंग नको. लोगो २०० मिमी रुंद. मिरच्या आणि जातं वेगळं दिसेल एवढी फट ठेवा. व्हेक्टर पीडीएफ.
>
> मरून बॅनर आणि पिशव्या: पूर्ण पांढरा लोगो, पारदर्शक बॅकग्राउंड. पीडीएफ आणि पीएनजी.
>
> वेबसाइट: खालची ओळ नसलेला लोगो, एसव्हीजी, रंगीत आणि पांढरा. फक्त जातं, चौकोनात, पीएनजी ५१२ आणि ३२ पिक्सेल. व्हॉट्सॲपच्या गोलात कापलं जाऊ नये म्हणून ५१२ च्या कडेला जागा सोडा.
>
> एम्ब्रॉयडरी: मरून ॲप्रनवर ८० मिमी रुंद, काळ्या टोपीवर ५५ मिमी उंच. खालची ओळ नको, सपाट ३ रंग, कुठलीही रेषा १ मिमीपेक्षा बारीक नको, अनुस्वार थोडा मोठा. व्हेक्टर पीडीएफ पुरेल, डीएसटी आम्ही इथे करून घेऊ.
>
> सोबत मरून, लाल आणि केशरीचे सीएमवायके आकडे आणि वेबचे कोड लिहून द्या. मूळ इलस्ट्रेटरची एआय फाइलही हवी आहे. यातलं एकरंगी आणि एम्ब्रॉयडरीचं काम ठरलेल्या पैशांत नसेल तर किती होतील ते आधी सांगा.
>
> फाइल्स ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा.

शेवटच्या दोन गोष्टी मी मुद्दाम घातल्या. पैशांचं विचारलं कारण एकरंगी आणि एम्ब्रॉयडरीचं चित्र म्हणजे मॅडमना खरंच परत बसून काम करायचं होतं, एक्सपोर्टचं बटण दाबून ते होत नाही, आणि त्यांनी थोडे वेगळे पैसे सांगितले ते मला रास्त वाटले. ड्राइव्हचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर पीएनजी फोटो म्हणून पाठवली की ती जेपीजी होते आणि पारदर्शकपणा जातो, मग मरून बॅनरवर लोगोभोवती पांढरा डबा दिसतो.

फाइल्स आल्या त्या अशा नावांनी, आणि नावावरूनच कळतंय ही गोष्ट मला फार आवडली:

```
logo_full_cmyk.pdf
logo_1color_black.pdf
logo_white.png
logo_web_notagline.svg
logo_embroidery_3color.pdf
```

लगेच पुढे न पाठवता मी तपासल्या. पीडीएफ उघडून जेवढं जमेल तेवढं झूम केलं, कड गुळगुळीत राहिली तर व्हेक्टर, चौकोनी पायऱ्या दिसल्या तर आत फोटो चिकटवलाय. मग कर्सरने नावावरून ओढून बघितलं. अक्षरं निळी होऊन सिलेक्ट झाली तर कर्व्ह झालेली नाहीत. पांढरी पीएनजी उघडली तर रिकामी पांढरी खिडकी, घाबरायचं नाही, पांढऱ्यावर पांढरा आहे, गडद रंगावर टाकून बघायचं. एसव्हीजी मी नोटपॅडमध्ये उघडली आणि त्यात हे शब्द शोधले:

```
<path
<text
<image
```

पहिला भरपूर सापडला पाहिजे, बाकीचे दोन नकोत. `<text` असेल तर फॉन्ट तसाच राहिलाय, `<image` असेल तर आत फोटो आहे. आमच्या एसव्हीजीत एक `<text` निघाला, नाव तसंच राहिलं होतं. माझ्या लॅपटॉपवर ते वेगळ्याच फॉन्टमध्ये दिसत होतं, मॅडमकडे मात्र बरोबर, कारण त्यांच्याकडे तो फॉन्ट आहे. मी दोघींचा फरक दाखवणारा स्क्रीनशॉट जोडून एक ओळीचा मेल केला, त्यांनी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दिली.

एम्ब्रॉयडरीची पीडीएफ दादांना दिली तेव्हा ॲप्रन आणि टोपीसाठी त्यांनी दोन वेगळ्या डीएसटी केल्या. टोपी गोल असते, तिच्यावर टाके मधून बाहेर आणि खालून वर घ्यावे लागतात, नाहीतर कापड एका बाजूला सरकून सुरकुती पडते. साइजही त्यातच ठरते, डीएसटी मनाला येईल तेवढी मोठी केली तर टाके विरळ होतात, लहान केली तर दाटून कापड गोळा होतं. पुढे कधी जॅकेटच्या पाठीवर मोठा लोगो हवा झाला तर ती नवीनच करावी लागणार, हे त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं.

सॅम्पल आम्ही ॲप्रनच्याच कापडाच्या तुकड्यावर काढून घेतलं. रफार स्वच्छ आला, अनुस्वार गोल आला, फक्त मिरचीचा लाल रंग मरून कापडावर बुडत होता, म्हणून तिथे केशरीकडे झुकणारा धागा घेतला. डीएसटीमध्ये खरा रंग साठवलेला नसतो, रंग बदलायला कुठे थांबायचं एवढंच असतं, त्यामुळे दोन्ही डीएसटी मागून घेतानाच कितव्या थांब्याला कुठला धागा ते दादांकडून कंपनी आणि शेड नंबरासकट लिहून घेतलं आणि तो कागद फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाकला.