तुम्ही विचारलंत म्हणून: नाव संजय पाटील, भूजलाचं काम, नाशिक

"तुमच्या नावाची इतकी माणसं आहेत, मग गुगलवर तुमचीच माहिती सापडावी म्हणून काय केलंत? आणि सरळ नावच का बदलत नाही?"

नुसतं 'संजय पाटील' टाकलंत तर मी सापडत नाही, आणि सापडेन अशी अपेक्षाही मी सोडली आहे. या नावाचे दोन खासदार महाराष्ट्राने लोकसभेत पाठवले: ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील आणि सांगलीतून संजयकाका पाटील. लोक त्यांना शोधतात, त्यांच्याबद्दल रोज छापून येतं, तेव्हा पहिल्या पानावर ते असणं रास्तच आहे. पण त्यांच्याकडे नीट बघा. एकाला लोक 'दिना'ने वेगळं करतात, दुसऱ्याला 'काका'ने. माझी सगळी खटपट तेवढ्याचसाठी होती: नावाला कायम चिकटून राहील असं काहीतरी हवं होतं.

ही खटपट मी हौसेने केली नाही. एका संस्थेने मला विहीर पुनर्भरणाच्या प्रशिक्षणासाठी बोलावलं होतं. तारीख ठरली होती, कोणत्या गावात विहिरींची पाणीपातळी मोजायची तेही ठरलं होतं. मग फोन थांबले. मी केला तर 'कळवतो' एवढंच उत्तर. बऱ्याच दिवसांनी तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी खरं कारण सांगितलं. समितीतल्या कोणीतरी माझं नाव आणि 'पाणी' असं शोधलं होतं, आणि पाणीपुरवठ्याच्या कामात लाच घेताना पकडलेल्या माझ्याच नावाच्या माणसाची बातमी वर आली होती. खातं पाण्याचं, नाव तेच. मला एका शब्दाने कोणी विचारलं नाही. "सर, तुमचं पान आम्हाला दिसलंच नाही हो," असं ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

माझं पान होतं. त्याचं शीर्षक 'मुख्यपृष्ठ' असं होतं. नाव वरच्या चित्रात, सुंदर अक्षरात रेखाटलेलं. म्हणजे मजकूर म्हणून नाव पानावर कुठेच नव्हतं. परिचयाची सुरुवात 'आमच्या शिवारातली विहीर आटली तेव्हा मी नववीत होतो' अशी होती. ते वाक्य मला आजही आवडतं, आणि माणसांसाठी ते चांगलंच आहे. पण 'संजय पाटील भूजल नाशिक' असं शोधणाऱ्यापुढे हे पान ठेवावं, असं गुगलला वाटण्यासारखं त्यात काय होतं?

रागाच्या भरात मी पानावर ठळक लिहायला निघालो होतो की लाचेच्या प्रकरणातला संजय पाटील मी नव्हे. पुतण्या वेबसाइटची कामं करतो, त्याने अडवलं. "काका, हे वाक्य टाकलंत की तुमच्या पानावर तुमचं नाव आणि लाच शेजारी येणार. जो ती बातमी शोधेल त्याला तुमचं पानही दिसेल, तुमच्या फोटोसकट." मी त्याच्याशी भांडलो. निर्दोष माणसाने गप्प का बसायचं, हा माझा प्रश्न होता आणि अजून आहे. ती बातमी गुगलवरून काढायला लावण्याचाही विचार केला. पण ती त्या माणसाबद्दलची बातमी होती, माझ्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी कशाच्या आधारावर तक्रार करणार?

मग उलट बाजूने गेलो. मी कोण नाही हे लिहिण्याऐवजी मी कोण आहे हे सगळीकडे अगदी एकसारखं लिहायचं. पानाचं शीर्षक असं केलं:

```
<title>संजय पाटील | Sanjay Patil | भूजलतज्ज्ञ, नाशिक</title>
```

दोन्ही लिप्या मुद्दाम ठेवल्या, कारण मराठी माणूसही फोनवर नाव बहुतेक वेळा रोमनमध्येच टाकतो. मथळ्यात नाव मजकूर म्हणून आलं. विहिरीचं वाक्य दुसऱ्या परिच्छेदात गेलं आणि पहिलं वाक्य झालं: 'संजय पाटील हे नाशिक येथील भूजलतज्ज्ञ असून विहीर पुनर्भरण आणि जलधर नकाशांचं काम करतात.' वाचायला कोरडं आहे, मान्य. पण निकालात शीर्षकाखाली दिसणाऱ्या दोन ओळी गुगल बहुधा पानातूनच उचलतं, आणि घाईतल्या समितीचा निर्णय त्या दोन ओळींवर होतो.

त्यानंतर पुतण्याने पानाच्या आत एक तुकडा घातला, जो वाचकाला दिसत नाही:

```
<script type="application/ld+json">
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "ProfilePage",
  "mainEntity": {
    "@type": "Person",
    "name": "संजय पाटील",
    "alternateName": "Sanjay Patil",
    "jobTitle": "भूजलतज्ज्ञ",
    "sameAs": ["https://orcid.org/..."]
  }
}
</script>
```

याने क्रमांक वर सरकतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हे पान एका व्यक्तीचं आहे आणि `sameAs` मधल्या पत्त्यांवरचा माणूसही तोच आहे, एवढंच ते सांगतं. ते पत्ते उलट तुमच्या पानाकडेही बोट दाखवत असतील तर त्या सांगण्याला अधिक वजन येतं. म्हणून लिंक्डइनवर, ORCID वर, जिथे व्याख्यान दिलं त्या संस्थांच्या पानांवर मी तोच व्यवसाय, तेच गाव, तोच फोटो आणि या पानाचा दुवा देत गेलो. काही ठिकाणी 'जलसल्लागार' लिहिलेलं होतं, काही ठिकाणी 'पर्यावरण अभ्यासक'. ते बदलून घ्यायला विनवण्या कराव्या लागल्या, आणि वेळ गेला तो यातच.

ORCID हा संशोधकाला मिळणारा 16 अंकी क्रमांक, फुकट. शोधनिबंधांवर 'S. Patil' असं छापलं की कोण कुठला हे कळायला दुसरा सोपा मार्ग उरत नाही. गूगल स्कॉलरने तर माझ्या नावावर हृदयरोगावरचे निबंध चढवले होते. तिथे नवे लेख आपोआप जोडण्याऐवजी आधी ईमेलने विचारण्याची सोय आहे. ती मी सुरू करून ठेवली.

फरक पडला की नाही हे स्वतःच्या फोनवर बघू नका. तुम्ही स्वतःचं पान सारखं उघडता, म्हणून तुम्हाला ते वर दिसू शकतं. गुगलच्या सर्च कन्सोल या साधनात लोकांनी काय शोधल्यावर तुमचं पान दाखवलं गेलं ते दिसतं. माझ्याकडे आता नावासोबत 'भूजल' किंवा 'groundwater' असलेले शोध येतात आणि त्यांत पान वरच असतं. 'संजय पाटील पाणी' याला मात्र ती बातमी अजूनही माझ्या वर असते, आणि त्या समितीने शोधलं होतं ते नेमकं हेच.

आता नावाचं. वडिलांचं नाव मध्ये घाला, असं सगळे सांगतात. पूर्वी मी म्हणायचो की ते फक्त सातबाऱ्यावर आणि सरकारी अर्जावर असतं, रोजच्या ओळखीत मला ते नको. आज तेवढ्या जोरात म्हणणार नाही, कारण तीन शब्दी नावाने काम खरंच सोपं झालं असतं. पण आजवरचे अहवाल, निबंध, गावोगावच्या फलकांवरची नावं, सगळी दोन शब्दी आहेत. आज बदललं तर त्या कामाचा माणूस वेगळा आणि मी वेगळा, असं मीच गुगलला सांगितल्यासारखं होईल. `alternateName` मध्ये तीन शब्दी नाव घालून दोन्ही सांभाळता येतं, असं पुतण्या म्हणतो. ती ओळ त्याने लिहून ठेवली आहे. मी अजून होकार दिलेला नाही.