चौकावरची काच

आमची लेक एका आर्किटेक्टकडे रेंडर करते, म्हणजे अजून न झालेल्या घराचे फोटो काढते. त्या फोटोंत कायम सकाळचे आठ वाजलेले असतात, ऊन तिरपं, सोनेरी असतं आणि कुणाच्याही घरात कपडे वाळत घातलेले नसतात. हल्ली तिच्याकडे जुन्या नाशकातल्या एका वाड्याचं काम आलंय. नव्या मालकाला तिथे कॅफे काढायचाय.

वरच्या मजल्यावरचे काका-काकू दिवाळीच्या फराळाचे डबे परत द्यायला आले, तेव्हा लॅपटॉप उघडाच होता. काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. ते स्क्रीनकडे सहज बघून पुढे सरकले. काकू मात्र चष्मा नाकावर ओढत वाकल्या. "अगं, हे आमचं उखळ!"

ओसरीच्या कडेला जमिनीत पुरलेलं काळ्या दगडाचं उखळ, एका बाजूनं टवका उडालेलं. भिंती नव्या, फरशी नवी, खांबांना पॉलिश, पण टवका जागेवर. फोटोवरून मॉडेल करताना लेकीनं तो इमानेइतबारे घेतला होता. त्याच वाड्यात मागच्या दोन खणांत भाडेकरू म्हणून काका-काकूंचं बिऱ्हाड होतं आणि पोरंही तिथंच वाढली. उखळात आता पाणी होतं नि त्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. (उखळात फुलं, तांब्याच्या बंबात मनीप्लँट. जुन्या वस्तूंची ही सेवानिवृत्ती मला कधी पटली नाही.)

मला वाटलं, काकू फुलांवर बोलणार. त्या बोलल्या चौकावर. "एवढं एक बदल गं. वरची काच काढ."

काढणं लेकीच्या हातात नव्हतं. पावसाळ्यात चौकात टेबलं मांडायची म्हणून मालकानं चौक काचेनं कडेकोट बंद करून मागितला होता.

"मग एप्रिलमध्ये माणसं तिथं बसणार कशी?" काका म्हणाले. वाड्याचा चौक उजेडासाठी असतो तसा वाऱ्यासाठीही असतो. खोल्यांतली तापलेली हवा हलकी होऊन चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी रस्त्याकडच्या बोळातली गार हवा दिंडी दरवाज्यातून आत ओढली जाते. काकूंची परीक्षा साधी होती. ओसरीत उदबत्ती लावायची. धूर चौकाकडे वळून वर चढला, तर वाडा श्वास घेतोय. तो तिथल्या तिथे घुटमळला, तर कुठेतरी काहीतरी बंद झालंय.

काच ऊन आत घेते, पण तापलेल्या फरशीची धग बाहेर सोडत नाही. वर चढलेली हवा काचेखाली अडकते, म्हणून आधी भाजतो तो माडीवरचा सज्जा, आणि मालकाच्या महागड्या टेबलांची रांग नेमकी तिथेच होती. त्यात नाशिक साधारण 20 अंश अक्षांशावर. 20 मेच्या आसपास भर दुपारी सूर्य इतका डोक्यावर येतो की खांबाची सावली खांबाच्या पायाशीच राहते. त्या वेळी आडवी काच पुरतं ऊन झेलते.

लेकीनं रेंडरमधली वेळ बदलली. ठिकाण नाशिक, तारीख 20 मे, वेळ दुपारी साडेबारा. सोनेरी तिरीप गेली आणि चौकभर पांढरंफटक ऊन पडलं. उकाडा चित्रात दिसत नाही, हा रेंडरचा मोठाच दोष. पण एवढं ऊन बघूनच काकूंनी पदरानं वारा घेतला.

शेवटी काच राहिली, पण उचलली गेली. कठड्याच्या वर लोखंडी चौकट, तिच्यावर काच, आणि कठडा नि काच यांच्यामध्ये चारी बाजूंनी दोन फूट मोकळी फट. गरम हवा तिथून बाहेर जाईल. पाऊस आत येऊ नये म्हणून काच कठड्याच्या बाहेर दोन फूट पुढे काढली. फट जेवढी, छज्जा तेवढा ठेवला की पंचेचाळीस अंशांतून येणारी सरसुद्धा कठड्यापाशीच अडते. त्याहून आडवा झोडपणारा पाऊस मात्र आत येणारच.

"येऊ दे की," काकू म्हणाल्या, "कोपऱ्यात मोरी आहे ना." मोरी नव्हती. नव्या फरशीखाली गेली होती. लेकीनं ती उघडली, फरशीला त्या कोपऱ्याकडे उतार दिला आणि नवं रेंडर मालकाला पाठवलं.

मालकाला उन्हाचं पटलं, फट आवडली, मोरीबद्दलही तक्रार नव्हती. त्यानं एकच विचारलं, "फटीतून पारवे येतील, त्यांचं काय?"

रेंडरमध्ये पारवे नसतातच. "जाळी मारा म्हणावं," काका म्हणाले, "आणि बारीक डोळ्याची नको, वारा अडेल." आता जाळीचा खर्च मूळ अंदाजात धरायचा की वेगळा, यावर ऑफिसात बोलणं चाललंय. उखळातली फुलं तशीच आहेत. काकूंनी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.