पोहणं की जॉगिंग? पंचवीस मीटरला अडकलेला माझा अनुभव

वजन ९४ किलो, उंची १७० सेंटीमीटर, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. असा माणूस व्यायामाचं विचारायला गेला की उत्तर ठरलेलं असतं: पोहायला जा, गुडघ्यांवर भार येत नाही. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्यात माझे जवळपास तीन महिने गेले, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. व्यायामाची तीव्रता मोजायला 'मेट' नावाचं एकक वापरतात. नुसतं बसून राहिल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्या किती पट खर्च त्या हालचालीत होतो, एवढाच त्याचा अर्थ. मेट गुणिले वजन गुणिले तास केलं की कॅलरींचा ढोबळ आकडा मिळतो. साध्या जॉगिंगचा मेट ७ धरतात, संथ फ्रीस्टाइलचा ५.८. म्हणजे ९४ किलोच्या माणसाला अर्ध्या तासाच्या जॉगिंगमध्ये साधारण ३३० कॅलरी लागतात आणि तेवढ्याच वेळाच्या पोहण्यात २७०. फरक एका पोळीचाही नाही. मग गुडघे वाचवणारं पोहणंच बरं, असं कुणालाही वाटेल.

मेख 'अर्धा तास' या शब्दांत आहे. तक्त्यातला माणूस अर्धा तास सलग हात मारत असतो. मी पाऊण तासाच्या बॅचमध्ये खरोखर किती वेळ पोहतो, हे एकदा घड्याळ लावून पाहिलं. बारा मिनिटं निघाली. बाकीचा वेळ कडेचा दांडा धरून धापा टाकण्यात आणि शेजारच्याशी पाणी किती गार आहे यावर बोलण्यात जायचा. बारा मिनिटांच्या पोहण्याचे होतात ११० कॅलरी. त्याच पाऊण तासात ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने नुसतं झपझप चाललो असतो, तर तीनशे झाले असते. शिवाय त्यासाठी टोपी, गॉगल आणि पास लागला नसता.

पासवरून आठवलं. आमच्या तलावाच्या खिडकीवर वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात आणि त्यासाठी मला तीन फेऱ्या पडल्या. पहिल्यांदा डॉक्टरांच्या शिक्क्यात नोंदणी क्रमांक नव्हता. दुसऱ्यांदा क्रमांक होता, पण फोटोवर अर्धा शिक्का पडलेला नव्हता. तिसऱ्यांदा 'त्वचारोग, फिट्स किंवा हृदयविकार नाही' ही ओळ हवी होती, जी खिडकीवर कुठेच लिहून लावलेली नव्हती. तेव्हा आधी रिकाम्या हाताने जाऊन तिथला छापील नमुना मागून घ्या आणि तोच डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर न तपासता सही करायला लागले, तर त्यांना थांबवून रक्तदाब मोजायला सांगा. लठ्ठ आणि बैठं काम करणाऱ्याला या कागदाचा तेवढाच खरा उपयोग आहे. चालताना छातीत दडपण येत असेल किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर ते तिथेच बोला.

आता मुख्य अडचण. क्लासमध्ये महिनाभरात तलाव आडवा पार करता येतो आणि मग प्रशिक्षक म्हणतात, 'आलं तुम्हाला पोहता.' २५ मीटर येतं आणि भिंतीला हात लागला की जीव कासावीस होतो. आपली समजूत अशी की वजन जास्त, दम कमी, हळूहळू वाढेल. मीही तसाच दीड महिना रेटत राहिलो. तो वाढत नाही, कारण अडचण दमाची नसतेच. जिने चढताना चार मजले न थांबता जाणारा माणूसही २५ मीटरला असाच हाशहुश करतो.

होतं असं. डोकं पाण्यात असताना नवशिक्या श्वास धरून ठेवतो. तोंड बाहेर आलं की त्या क्षणभरात आधी उच्छ्वास आणि मग श्वास, दोन्ही उरकायला बघतो. वेळ पुरत नाही, म्हणून हवा अर्धवटच बाहेर जाते आणि वर थोडी नवी घेतली जाते. चार-पाच वेळा असं झालं की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो. गुदमरल्यासारखं वाटतं ते मुख्यतः त्याच्यामुळे, ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. म्हणून अशा वेळी जास्त हवा ओढून उपयोग होत नाही, आतली बाहेर सोडावी लागते.

ओळखायची खूण सोपी आहे. कुणाला तरी काठावरून बघायला सांगा. तोंड पाण्यात असताना बुडबुडे सतत निघत असतील तर ठीक. बुडबुडे नाहीत आणि मान वळवताना एकदम फवारा उडाला, तर तुम्ही श्वास धरताय.

उपाय छातीएवढ्या पाण्यात, दांडा धरून करायचा. डोकं बुडवा, नाकातोंडातून हळूहळू हवा सोडत मनात तीनपर्यंत मोजा, वर येऊन फक्त श्वास घ्या, पुन्हा खाली. असं सलग वीस वेळा. दहाव्या-बाराव्या वेळी धाप लागली, तर अजून हवा आत राहतेय असं समजा. वीस वेळा करूनही श्वास शांत राहिला की मगच पोहायला लागा. मी हे रोज बॅचच्या सुरुवातीला पाच मिनिटं केलं आणि दोन आठवड्यांत फरक पडला. आधीच्या दीड महिन्यात प्रशिक्षकांचा सल्ला एकच होता: 'अजून जोर लावा.' त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण जोर लावणं हेच दुसरं कारण होतं.

मांड्यांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठ्या स्नायूंपैकी. ते धडाधड आपटले की ऑक्सिजन तिथेच खर्च होतो आणि पुढे सरकायला त्याचा फायदा फारसा होत नाही. आपण पाय आपटतो ते बहुतेकदा कंबर बुडते म्हणून, आणि कंबर बुडते ती श्वासासाठी डोकं वर उचलल्यामुळे. डोकं वर गेलं की पाय खाली जातात, साधा तराजू आहे. डोकं उचलायचं नाही, कुशीवर वळल्यासारखं अंगाबरोबर फिरवायचं, इतकंच की गॉगलची एक काच पाण्यात राहील. इथे आपल्यासारख्यांना एक फायदा असतो. चरबी पाण्याहून हलकी असल्याने लठ्ठ माणूस सडपातळ माणसापेक्षा सहज तरंगतो. डोकं खाली ठेवलं तर पाय नुसते हलते ठेवूनही भागतं.

श्वास जमल्यावर वेग मुद्दाम कमी करायचा. मी २५ मीटर तीस सेकंदांत कापत होतो, ते पंचेचाळीस सेकंदांवर आणलं. मग २५ मीटरच्या सोळा फेऱ्या, प्रत्येकीनंतर चाळीस सेकंद विश्रांती. फेऱ्या तेवढ्याच ठेवून दर आठवड्याला विश्रांती दहा सेकंदांनी कमी केली. विश्रांती दहा सेकंदांवर आली की दोन-दोन फेऱ्या जोडायच्या, मग चार-चार. सलग ४०० मीटर जमले, की पंचेचाळीस सेकंदांच्या गतीने ती बरोबर बारा मिनिटं होतात. आधीची बारा मिनिटं पाऊण तासात विखुरलेली होती, ही सलग होती. तिथून वीस आणि तीस मिनिटांपर्यंत जाणं तुलनेने सोपं गेलं. तक्त्यातल्या २७० कॅलरी खऱ्या अर्थाने इथे सुरू होतात.

जॉगिंगचं नेमकं उलट आहे. ते शिकावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं पळता येतं आणि घात तिथेच होतो. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार पडतो, म्हणजे माझ्यासाठी दोनशे किलोच्या आसपास, मिनिटाला दीडशे वेळा. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो, पण नडगीचं हाड आणि टाचेची शीर तयार व्हायला महिने लागतात. म्हणून पाचव्या-सहाव्या आठवड्यात, आता जमतंय असं वाटून अंतर वाढवलं, की नडगी आतल्या बाजूने दुखायला लागते. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर आठवडाभर पळणं थांबवून चालण्यावर या. पण हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो. तिथे अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्यांनी करावी. चोवीस मिनिटं होतात. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. पळताना पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. पावलं लांब टाकू नका. छोटी आणि भरभर टाकली की गुडघ्यावरचा धक्का कमी होतो. काँक्रीटच्या रस्त्यापेक्षा मैदानातली मातीची वाट बरी, पावसाळ्यातला शेवाळलेला भाग सोडून.

पोहण्याबद्दल दोन गोष्टी मागे राहिल्या. पाण्यात नाडी जमिनीपेक्षा साधारण दहा ठोक्यांनी कमी दिसते, म्हणून घड्याळातला आकडा बघून 'आज काहीच झालं नाही' असं ठरवू नका. आणि गार पाण्यातून बाहेर आल्यावर भूक सपाटून लागते. तलावाबाहेर वडापावची गाडी उगाच नसते. एक वडापाव खाल्ला की बारा मिनिटांचं पोहणं सव्याज परत. मी डब्यात दोन उकडलेली अंडी आणि एक केळं ठेवतो.

खुर्चीत बसून खांदे पुढे आलेले असतात, त्यामुळे फ्रीस्टाइलमध्ये खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येऊ शकते. हात पाण्यात डोक्यासमोर न टाकता खांद्याच्या रेषेत टाकला की बहुधा कमी होते. उलट हाडांना मजबुती पळण्या-चालण्याने येते, पोहण्याने जवळजवळ नाही. म्हणून आता माझं असं चालतं: मंगळवार, गुरुवार, शनिवार पोहणं, रविवारी मैदानात पळणं-चालणं, आणि मे महिन्यात मुलांच्या शिबिरांमुळे तलावात हात मारायला जागा उरत नाही तेव्हा तीनही दिवस मैदान.

पासचं नूतनीकरण करतानाही प्रमाणपत्र नवं लागतं. मागच्या वेळी मी त्याची एक झेरॉक्स ठेवली होती, ती डॉक्टरांपुढे ठेवली आणि 'हुबेहूब असंच द्या' म्हटलं. एका फेरीत काम झालं.