लोणारचा गुलाबी आणि काठावरचा गाळ

«ताई, चित्र तुम्ही इतकं ठळक केलंत, मग त्यातला गुलाबी रंग खरा की तुम्ही भरलेला?»

व्याख्यानात लोणार तळ्याचं उपग्रहचित्र दाखवलं की हा प्रश्न येतो. तळ्याच्या मधला गुलाबी खरा आहे. काठालगतच्या एक-दोन पिक्सेलांमधला मात्र खरा मानू नका. दोन्हींत एवढा फरक का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. लँडसॅट-८ दर १६ दिवसांनी त्याच जागेवरून जातो. २५ मेच्या चित्रात तळं नेहमीसारखं हिरवट होतं आणि १० जूनच्या चित्रात गुलाबी. मी व्याख्यानात दाखवते ते हे दुसरं चित्र. या उपग्रहाच्या लाल, हिरव्या, निळ्या बँडचा एक पिक्सेल ३० मीटर बाय ३० मीटरचा असतो, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांत जे काही असेल, पाणी, गाळ, बाभूळ, त्या सगळ्याचा मिळून एकच रंग. त्याच उपग्रहावर पॅनक्रोमॅटिक बँडही आहे. आम्ही त्याला नुसतं पॅन म्हणतो. त्याचा पिक्सेल १५ मीटरचा, सव्वादोन गुंठ्यांचा. तो रुंद पट्ट्यातला प्रकाश एकत्र गोळा करतो, म्हणून लहान तुकड्यावरूनही पुरेसा प्रकाश मिळतो. पण रंग त्याला कळत नाही. त्याला कळतो फक्त उजेड किती ते.

चित्र ठळक करणं, म्हणजे पॅनशार्पनिंग, हे या दोघांचं लग्न लावणं आहे. रंग ३० मीटरचा, बारकावा १५ मीटरचा. सर्वांत सरळ पद्धत ब्रोव्हीची. आधी रंगीत बँडांपासून एक «अंदाजी उजेड» काढायचा, पॅनच्या उजेडाला त्याने भागायचं आणि जो गुणक येईल त्याने तिन्ही रंगांना गुणायचं. पॅनमध्ये जागा उजळ असेल तर तिन्ही रंग सारखेच उजळतात, अंधारी असेल तर सारखेच मंदावतात. रंगांचं आपसातलं प्रमाण मात्र जसंच्या तसं राहतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे सगळं तिच्यावरच अडतं.

पहिली ठेच या अंदाजी उजेडातच लागते. बरेच जण लाल, हिरवा, निळा यांची सरळ सरासरी घेतात. पण लँडसॅट-८ चा पॅन साधारण ०.५० ते ०.६८ मायक्रोमीटर एवढंच पाहतो. त्यात हिरवा आणि लाल पूर्ण येतात, निळा जवळजवळ येतच नाही. पॅनने जे पाहिलंच नाही ते अंदाजात धरलं, तर गुणक चुकतो, आणि तो प्रत्येक प्रकारच्या जमिनीवर वेगळा चुकतो. जुन्या लँडसॅट-७ चा पॅन याच्या उलट, ०.५२ पासून ०.९० पर्यंत, म्हणजे थेट जवळच्या अवरक्तापर्यंत जाई. पानं अवरक्तात लखलखतात आणि पाणी तिथे काळं पडतं. त्यामुळे त्या उपग्रहाचं साध्या रंगांतलं चित्र असं ठळक केलं की झाडी भडक व्हायची आणि तळं गडद. लोणारच्या विवराच्या उतारावर झाडी आणि तळाशी पाणी, म्हणजे तिथे दोन्ही चुका एकाच चित्रात शेजारी शेजारी दिसल्या असत्या.

यावर उपाय सोपा आहे. पॅनचं चित्र सरासरी काढून ३० मीटरचं करायचं आणि तिन्ही रंग कोणत्या वजनाने मिळवले की ते तयार होतं, ते रिग्रेशनने काढायचं. मी हिरव्याला आणि लालला जवळजवळ सगळं वजन देते, निळ्याला नावापुरतं. GDAL या सॉफ्टवेअरमध्ये ते असं लिहिते, B8 म्हणजे पॅन:

```
gdal_pansharpen.py B8.TIF B4.TIF B3.TIF B2.TIF lonar.tif -w 0.45 -w 0.5 -w 0.05 -r cubic
```

वजनांचा क्रम बँडांच्या क्रमाप्रमाणे, इथे लाल, हिरवा, निळा. हे आकडे उचलून कुठेही वापरू नका, आपल्या चित्राचे आपण काढा. आणि डाउनलोड केलेल्या फाइलीतले कच्चे आकडे थेट गुणू नका. लँडसॅटच्या त्या आकड्यांत शून्य परावर्तन म्हणजे ५००० असतं. ब्रोव्ही त्या ५००० लाही गुणतो, आणि मग उजळ जागी रंग फिकटतो, अंधाऱ्या जागी उगाच गडद होतो. आधी परावर्तनात बदला, मग गुणा.

आता काठाकडे येते, कारण माझी चूक तिथे झाली. एका व्याख्यानात ठळक केलेलं चित्र मोठं करून मी म्हणाले होते, की पाणी मागे हटल्यावर उघडा पडलेला गाळसुद्धा गुलाबी झालेला दिसतोय. तळ्याभोवती एक बारीक गुलाबी कड दिसत होती आणि मला तिची खात्री होती. श्रोत्यांतले लोणारचेच एक काका शांतपणे म्हणाले, «ताई, मी त्या दिवसांत खाली उतरलो होतो. कोरडा गाळ राखाडीच होता.» मी घरी येऊन आकडे मांडले.

समजायला सोपे आकडे घेते, परावर्तन टक्क्यांत. गुलाबी पाणी लालमध्ये ९, हिरव्यात ६. राखाडी गाळ लालमध्ये १६, हिरव्यात १५. पाण्यात लाल हिरव्याच्या दीडपट आहे, गाळात दोघं जवळपास सारखे. आता नऊ गुंठ्यांचा एक पिक्सेल नेमका काठावर आला, अर्ध्यात पाणी, अर्ध्यात गाळ. त्याचा मिळून रंग लाल १२.५, हिरवा १०.५. पॅन मात्र दोन्ही भाग वेगळे पाहतो. गाळाच्या बाजूचा उजेड १५.५, पाण्याच्या बाजूचा ७.५ आणि पूर्ण पिक्सेलचा ११.५ (हिशोब सोपा राहावा म्हणून हिरव्या-लालची सरासरीच उजेड धरली आहे). गाळाच्या बाजूचा गुणक सुमारे १.३५ येतो, पाण्याच्या बाजूचा ०.६५. गुणून पाहिलं तर गाळ लाल १६.८, हिरवा १४.२ झाला. पाणी लाल ८.२, हिरवं ६.८ झालं.

गाळ खरा १६ आणि १५ होता. त्याच्यात लाल चढला, हिरवा उतरला, आणि डोळ्यांना तो गुलाबीकडे झुकलेला दिसला. पाण्याचा गुलाबी तेवढाच फिका पडला. पॅनने काठाची रेघ अगदी बरोबर जागी ओढली, पण रंग त्या रेघेला ओलांडून दोन्हीकडे सांडलेलाच राहिला. रेघ इतकी ठसठशीत असते की रंगही तिथेच बदलला असणार असं डोळा धरून चालतो. मीही तेच धरून चालले होते.

मला खरा धक्का पुढे बसला. रंग टिकले का हे तपासायची एक नेहमीची रीत आहे. ठळक केलेलं चित्र पुन्हा सरासरी काढून ३० मीटरचं करायचं आणि मूळ चित्राशी जुळतं का पाहायचं. वरचे आकडे घ्या: १६.८ आणि ८.२ यांची सरासरी १२.५, १४.२ आणि ६.८ यांची १०.५. तंतोतंत मूळ! म्हणजे माझं चुकलेलं चित्र या परीक्षेत पूर्ण गुण घेऊन पास झालं. दुसरी रीत वर्णपटीय कोनाची. मूळ पिक्सेल आणि नवा पिक्सेल यांच्या रंगांच्या प्रमाणात किती अंशांचा फरक पडला ते ती मोजते. पण ब्रोव्ही प्रमाण बदलतच नाही, त्यामुळे मोठ्या केलेल्या मूळ चित्राशी तुलना केली तर कोन शून्य येतो. अहवालात शून्य अंश लिहिलेलं पाहून कुणालाही वाटेल की रंग शंभर टक्के टिकले. त्या शून्याचा अर्थ एवढाच, की ३० मीटरचा मिसळलेला रंग जसाच्या तसा १५ मीटरवर आला.

तरीही पहिली परीक्षा मी सोडत नाही. वजनं चुकली, तर ती लगेच बोंब मारते. फक्त काठाबद्दल ती काही सांगू शकत नाही.

काठासाठी दुसरी परीक्षा लागते. लुसियाँ वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ती नीट मांडली. सगळं एक पायरी खाली उतरवायचं: पॅन १५ चा ३० करायचा, रंगीत चित्र ३० चं ६० करायचं, आणि या दोघांपासून ३० मीटरचं ठळक चित्र तयार करायचं. आता ३० मीटरचं खरं रंगीत चित्र आपल्या हातात आहेच, कारण मुळात तेच होतं. शेजारी ठेवायचं आणि वजाबाकी करायची. मी लोणारवर हे केलं तेव्हा वजाबाकीच्या चित्रात तळ्याचा मध्य सपाट होता, जवळजवळ शून्य. काठाभोवती मात्र कडं उमटलं, बाहेरच्या बाजूने लाल जास्त, आतल्या बाजूने कमी. काकांचा राखाडी गाळ तिथे होता.

ते कडं पाहताना एक खबरदारी घ्या. कडं सगळीकडून सारखं असेल तर रंग सांडल्याचं लक्षण. एका बाजूला गुलाबी आणि समोरच्या बाजूला हिरवट दिसलं, तर दोन चित्रं एकमेकांवरून सरकली आहेत. लँडसॅटमध्ये हे सहज होतं, कारण १५ मीटरचे चार पिक्सेल ३० च्या एका पिक्सेलमध्ये नेमके बसत नाहीत. दोन्ही जाळ्यांचे मध्यबिंदू जुळवलेले असतात, कडा नाहीत. रंगीत चित्रात ७७७१ ओळी असतील तर पॅनमध्ये १५५४१ असतात, दुपटीला एक कमी. डोळे मिटून दुप्पट करणाऱ्याचं चित्र अर्धा पॅन-पिक्सेल, म्हणजे साडेसात मीटर, सरकतं.

आता मी काय करते तेही सांगते. व्याख्यानात ठळक चित्र दाखवते, कारण त्यात विवराची कड, उतार आणि काठाची रेघ लोकांना ओळखू येते. पण गुलाबी किती, कुठे, कधीपासून असा प्रश्न आला, की आकडे मूळ ३० मीटरच्या चित्रातूनच काढते, आणि काठापासून आत एक पूर्ण पिक्सेल सोडून. तळं साधारण सव्वा किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आडवे चाळीसेक पिक्सेल. काठाचे सोडले तरी आत भरपूर उरतात. त्या आतल्या पिक्सेलांत शेजारचे सगळे पाणीच असतात, मिसळायला दुसरं काही नसतं. म्हणून तिथला गुलाबी ठळक करण्याआधीही गुलाबी होता आणि नंतरही तेवढाच. आणि काठाच्या गाळाचाच रंग हवा असेल, तर मी सेंटिनेल-२ चं चित्र शोधते. त्याचे लाल, हिरवा, निळा तिन्ही बँड मुळातच १० मीटरचे असतात. तिथे रंग आणि रेघ एकाच नजरेतून आलेले असतात.