सरांच्या नोट्स सूचीत का नकोत?

भूगोलाचा एक संशोधक प्रबंध जमा करायच्या आधी संदर्भसूची तपासून घ्यायला ग्रंथालयात आला. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे आणि दरवर्षी अशा बऱ्याच सूच्या माझ्या टेबलावर येतात. याचा प्रबंध मराठीत होता, विषय उजनीच्या लाभक्षेत्रातला ऊस आणि त्याला लागणारं पाणी. मार्गदर्शकांनी संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती पाळायला सांगितलं होतं. सूची नीटनेटकी होती, पण मधूनमधून एकाच प्राध्यापकांच्या नावावर नोंदी दिसत होत्या: एम.ए.च्या अभ्यासक्रमाचं हँडआउट, विहिरींच्या पाहणीच्या स्लाइड्स आणि २०१९ मधलं एक व्याख्यान. तिन्हींपुढे 'अप्रकाशित' असं लिहिलेलं.

मी विचारलं, "बाहेरगावचे परीक्षक हे हँडआउट बघायचं म्हणाले तर त्यांना ते कुठं मिळेल?"

"सरांना फोन केला तर सर देतील की, मॅडम."

सूची कशासाठी असते, ते इथंच समजावून सांगावं लागतं. वाचकाला आपल्या मदतीशिवाय मूळ साधनापर्यंत पोचता यावं, म्हणून सूची असते. फोन करून, ओळख सांगून मागावं लागतं ते साधन एपीएच्या हिशेबात वैयक्तिक संवादात जमा होतं. त्याचा उल्लेख मजकुरात कंसात करायचा: प्राध्यापकांचं नाव, 'वैयक्तिक संवाद' हे शब्द आणि तारीख. सूचीत त्याला जागा नाही. पुढं 'अप्रकाशित' असं प्रामाणिकपणे लिहिलं, तरीही नाही.

त्याला हे पटत नव्हतं, आणि त्याचं कारणही रास्त होतं. एम.ए.ला असताना त्याच सरांना दिलेल्या प्रकल्पात त्यानं याच स्लाइड्स सूचीत घातल्या होत्या आणि त्या चालल्या होत्या. तिथं ते बरोबरच होतं. त्या प्रकल्पाचे वाचक म्हणजे सर आणि वर्गातली मुलं. स्लाइड्स विभागाच्या लॉगिनवर होत्या आणि त्या सगळ्यांकडे लॉगिन होतं. अशा वेळी लॉगिन पानाचा पत्ता देऊन नोंद करता येते. प्रबंधाचा वाचक मात्र कोणीही असू शकतो. साधन तेच राहिलं, वाचक बदलला, म्हणून नोंद गळाली. जुन्या प्रकल्पातली सूची जशीच्या तशी उचलून प्रबंधाला जोडली की हे हमखास होतं.

मग हँडआउट हातात घेतलं. झेरॉक्सची दोन पानं, त्यावर एक तक्ता: पिकं आणि त्यांचे पीक गुणांक. खाली स्रोत दिलेला नव्हता. हा गुणांक, Kc, म्हणजे संदर्भ बाष्पोत्सर्जनाला, ET0 ला, म्हणजे ठरावीक गवताच्या जमिनीतून आणि पानांतून हवेत जाणाऱ्या पाण्याला, ज्यानं गुणलं की त्या पिकाची पाण्याची गरज, ETc, मिळते तो आकडा.

```
ETc = Kc × ET0
```

सुरुवातीची अवस्था, मधली अवस्था, शेवटची अवस्था अशी स्तंभांची मांडणी माझ्या ओळखीची होती. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या, सिंचन आणि निचरा मालिकेतला ५६ वा ग्रंथ, अ‍ॅलन, परेरा, राएस आणि स्मिथ यांचा, १९९८ सालचा. पाणी व्यवस्थापनाचे विद्यार्थी तो कायम मागतात आणि एफएओच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचायला मिळतो. आम्ही त्यातला १२ वा तक्ता उघडला. उसासमोर ०.४०, १.२५ आणि ०.७५. हँडआउटमध्ये ०.४०, १.५२ आणि ०.७५.

दोन आकडे तंतोतंत जुळतात आणि मधल्यात फक्त अंक उलटे, म्हणजे टायपिंगची चूक असणार, हे जवळजवळ उघड होतं. त्याच तक्त्यात मधल्या अवस्थेत कापूस १.१५ ते १.२० आणि भात १.२० आहे. त्यांच्या शेजारी १.५२ डोळ्यांना खटकतो. तरी मी त्याला लगेच आकडा बदलू दिला नाही. १२ व्या तक्त्यातले आकडे मध्यम दमट हवेसाठी आहेत आणि कोरड्या, वाऱ्याच्या भागात मधला गुणांक वाढवून घ्यावा, असं तोच ग्रंथ सांगतो. सोलापूरची हवा कोरडी. सरांनी मुद्दाम वाढवला असेल तर १.५२ हे त्यांचं स्वतःचं काम ठरलं असतं आणि त्याचा संदर्भही वेगळा द्यावा लागला असता. त्यानं तिथूनच फोन लावला. सर म्हणाले, काहीही वाढवलेलं नाही, तक्ता पुस्तकातूनच घेतलाय, टाइप करताना चुकला असेल.

प्रबंधाच्या एका प्रकरणात त्यानं उन्हाळ्यासाठी ET0 दिवसाला ६ मिलिमीटर धरलं होतं. १.५२ नं गुणलं की उसाची गरज ९.१२ मिलिमीटर येते, १.२५ नं ७.५. फरक १.६२ मिलिमीटरचा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. म्हणजे दर हेक्टरी रोज १६,२०० लिटर पाणी त्या प्रकरणात जास्तीचं दाखवलं होतं, आणि त्यावरून ऊस किती पाणी पितो याचे निष्कर्ष काढले होते. पोरगा गप्प झाला. प्रकरण पुन्हा मोजावं लागणार होतं. हँडआउटची नोंद सूचीतून गेली आणि तिच्या जागी एफएओचा ग्रंथ आला, पान आणि तक्त्याच्या क्रमांकासह मजकुरातही.

वर्गातल्या नोट्समधला बराचसा मजकूर दुसरीकडे छापलेला असतो. शिक्षकानं तो वर्गासाठी गोळा केलेला असतो, आणि त्यात काही गैर नाही. पण संशोधकानं तिथं थांबू नये. माझं विद्यार्थ्यांना सांगणं असतं की हँडआउटमधला आकडा, व्याख्या किंवा नकाशा कुठून आला ते आधी शोधा, मूळ वाचा आणि त्याचाच संदर्भ द्या. मूळ न बघता नुसतं नाव बदलणं ही फसवणूक आहे. त्या दिवशी तसं केलं असतं, तर एफएओच्या नावावर १.५२ छापून गेलं असतं.

व्याख्यानाचं लवकर आटोपलं. ते ध्वनिमुद्रित नव्हतं, त्याच्याकडे फक्त स्वतःच्या वहीतली टिपणं होती. वहीत तारीख होती. सरांची संमती घेऊन त्यानं ते मजकुरात वैयक्तिक संवाद म्हणून ठेवलं.

स्लाइड्सचा प्रश्न वेगळा होता. विहिरींच्या पाणीपातळीची ती मोजणी सरांची स्वतःची होती आणि कुठंही छापलेली नव्हती. तिच्यामागं शोधायला दुसरं मूळ नव्हतं आणि प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण तिच्यावर उभं होतं. एवढं वजन एका वैयक्तिक संवादावर टाकणं मला योग्य वाटेना, कारण परीक्षकाला ते आकडे तपासताच आले नसते. परवानगी घेऊन स्लाइड्स परिशिष्टात जोडणं हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग मी सरांनाच सुचवला: त्या झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेवा. युरोपातली सर्न ही संस्था ते चालवते, तिथं फाइल ठेवली की तिला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो, आणि मग ती कोणालाही उघडता येते.

सर तयार झाले, फक्त त्यांनी एक दुरुस्ती करायला वेळ मागितला. काही स्लाइड्सवर विहीरमालकांची नावं आणि गट नंबर होते. वर्गात दाखवताना त्याचं काही वाटलं नव्हतं, पण जगासमोर ठेवताना ती काढणं भाग होतं. नावांच्या जागी क्रमांक घालून त्यांनी फाइल चढवली. सूचीत आता सरांचं नाव एकदाच येतं, या स्लाइड्सपुढं, डीओआयसह. मी संशोधकाला नोंदीत वर्ष भांडारात ठेवल्याचं घालायला सांगितलं आणि मोजणी २०१९ मधली आहे हे मजकुरात स्पष्ट लिहायला लावलं.