टक्का कशाचा?

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या आमच्या रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर मी क्वालिटी बघतो. डिसेंबरची संध्याकाळ होती आणि एका घराच्या स्लॅबला एम २५ ग्रेडचं काँक्रीट चाललं होतं. साइटवर पहिल्या ट्रान्झिट मिक्सरमधनं माल पडायला लागला तसा मेस्त्री म्हणाला, "सर, हे काँक्रीट न्हवं, आमटी हाय बघा की."

माल किती पातळ ते बघायला स्लंप घेतला तर १९० मिलिमीटर, आणि आम्हाला हवा होता १२०. खडी मधोमध ढीग करून बसली होती आणि भोवती नुसती पेस्ट पसरली होती. माझा पहिला संशय वाळूच्या ओलाव्यावर गेला. पण फोन करून विचारलं तर दुपारची नोंद बरोबर होती, पाणीही ठरल्याइतकंच पडलं होतं. तोवर गाडी रिकामी झाली. दुसरी गाडी मी वाटेतच थांबवली आणि कुठला माल किती पडला त्याची बॅचस्लिप मागवली.

आमच्या डिझाइनमध्ये एका घनमीटरला सिमेंट २७० किलो आणि फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, ९० किलो. ही ॲश २५ टक्के, पण दोन्ही मिळून होणाऱ्या ३६० किलोंच्या. माल पातळ करणारं रसायन, म्हणजे ॲडमिक्स्चर, ०.८ टक्के, ते मात्र फक्त सिमेंटवर, कारण ट्रायल तशीच घेतली होती. म्हणजे २.१६ किलो. आमचा मिक्सर अर्ध्या घनमीटरचा, तेव्हा एका बॅचला १.०८ किलो पडायला हवं. स्लिपवर होतं १.४४.

त्या दिवशी ऑपरेटर नवा होता, निपाणीकडचा. शीटवर ॲशचा टक्का एकूण वजनावर दिसला, म्हणून त्यानं ॲडमिक्स्चरचाही तसाच धरला. ३६०चे ०.८ टक्के म्हणजे २.८८, त्याचे निम्मे १.४४. बॅचला ३६० ग्रॅम जादा हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण सिमेंटवर मोजलं तर डोस १.०७ टक्क्यांवर गेला होता. त्यात हे घट्ट होणं लांबवणारं, रिटार्डरवालं ॲडमिक्स्चर, वर ॲश आणि रात्रीची थंडी.

सकाळी स्लॅबच्या त्या टोकाला अंगठा दाबला तर ठसा उमटला. ताकद तपासायला भरलेले क्यूबही साच्यातून काढता येईनात. मालकाचा चेहरा बघवत नव्हता. मी सांगितलं, उशिरा घट्ट होईल, पण त्यावर पाय ठेवू नका आणि वरून सुकू देऊ नका. प्लॅस्टिक अंथरलं. दुपारनंतर माल धरला. सेंटरिंग मात्र क्यूबचे आकडे हातात आल्याशिवाय काढू दिलं नाही. २८ दिवसांचे क्यूब पास झाले. खडी सुटलेल्या टोकाला खालून थोडा हनीकोंब, म्हणजे पोकळ भाग, निघाला, तो भरून घ्यावा लागला.

ऑपरेटरला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "सर, एकाच कागदावर दोन ठिकाणी टक्के, आणि दोन्ही वेगवेगळ्या वजनांवर. मला कसं कळायचं?"

चूक त्याची कमी, माझ्या शीटची जास्त. आता मी ॲडमिक्स्चरपुढे टक्का लिहीतच नाही, बॅचचे किलो लिहितो. सिमेंटचा आकडा बदलला की शीट नवी काढायची आणि जुनी फाडायची. फाडायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलंय.