माल परत, पण बिल उभं

भोसरीतल्या आमच्या बेअरिंगच्या दुकानातून शनिवारी संध्याकाळी कोल्हापूरच्या एका कारखान्याचा माल निघाला. 1,80,000 चा माल, त्यावर 18 टक्के जीएसटी. 50,000 ॲडव्हान्स आलेला होता. सोमवारी सकाळी त्यांच्या परचेसवाल्यांचा फोन: "साहेब, मशीनचं काम पुढं गेलं, ऑर्डर कॅन्सल करा."

ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल दोन्ही 24 तासांच्या आतच रद्द करता येतात. ती वेळ रविवारीच उलटली होती, आणि माल ट्रान्सपोर्टच्या कोल्हापूरच्या गोडाऊनमध्ये पडलेला. मी आधी कॅन्सलेशनचा ई-मेल मागितला, मग परतीचं ई-वे बिल सेल्स रिटर्न म्हणून काढलं.

माल आल्यावर पेट्या उघडून पाहिल्या. बेअरिंगचं प्लास्टिक फाटलं, ग्रीसला धूळ लागली की तो माल नवा म्हणून विकता येत नाही. एका पेटीचा कोपरा दबलेला होता. तो मार ट्रान्सपोर्टचा, त्यामुळे तो गिऱ्हाइकाच्या माथी मारला नाही.

आमच्या कोटेशनवर डिस्पॅचनंतर रद्द केल्यास 10 टक्के रिस्टॉकिंग आणि दोन्ही बाजूंचं भाडं, असं छापलेलं असतं. म्हणजे 18,000 आणि भाड्याचे 5,000. ते म्हणाले, "मग क्रेडिट नोटच 23,000 नं कमी करा ना, वेगळं बिल कशाला?" तसं केलं तर पुस्तकात 23,000 ची मालविक्री शिल्लक दिसते आणि स्टॉक मात्र पूर्ण परत आलेला. ऑडिटला हे कोण समजावणार? म्हणून क्रेडिट नोट पूर्ण मालाची काढली, आणि रिस्टॉकिंग व भाड्याचं स्वतंत्र टॅक्स इनव्हॉइस.

दुपारी त्यांच्या अकाउंटंटचा फोन. "नुकसानभरपाईवर जीएसटी नसतो, 2022 चं सर्क्युलर आहे." सर्क्युलर खरं आहे, ऑगस्ट 2022 चं, 178 क्रमांकाचं. पण त्यातच पुढं म्हटलंय की कॅन्सलेशन चार्ज हा मूळ पुरवठ्याशी जोडलेल्या सोयीचा मोबदला, आणि त्याला दर मूळ पुरवठ्याचाच. आमची अट आधीपासून कोटेशनवर होती, म्हणून मी तो याच खात्यात धरला. बेअरिंगला 18, म्हणून चार्जलाही 18. मालाचा दर 5 असता तर 5 लावला असता.

"अहो, 23,000 वरच्या जीएसटीच्या त्या 4,140 चं क्रेडिट तुम्हाला मिळणारच आहे," मी म्हटलं, "पण पहिल्या बिलाचं घेतलं असेल तर ते उलटवायला विसरू नका." इथं ते जरा नरमले. खरं तर त्यांचा राग करापेक्षा 18,000 वर होता, आणि तो मी कमी करणार नव्हतो.

27,140 चं बिल ॲडव्हान्समधून वळतं केलं आणि उरलेले 22,860 त्यांच्या खात्यात पाठवले. दबलेल्या पेटीचा क्लेम मात्र ट्रान्सपोर्टवाल्याकडे अजून अडकलाय.